प्रवेश एक वर्ष पुढे नेण्याचे पत्र: जबाबदारी कधी संपणार, ते आधी लिहा

प्रश्न: ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाची येत्या सप्टेंबरच्या एम.एस्सी.साठी (डेटा सायन्स) मला ऑफर आहे. अनामत रक्कम भरली आहे, अंतिम गुणपत्रक द्यायचे बाकी आहे, सीएएस अजून आलेला नाही. जूनमध्ये वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. घरी आई आणि बारावीतली धाकटी बहीण आहे. आमचा टॉवेलचा छोटा कारखाना सध्या मीच बघते. एप्रिलपासून चुलतभाऊ बघायला तयार आहे. प्रवेश एक वर्ष पुढे नेण्यासाठी विद्यापीठाला पत्र कसे लिहावे? (सोलापूरहून एक विद्यार्थिनी)

उत्तर:

तुमच्या प्रश्नातले सर्वांत मोलाचे वाक्य तुम्ही सर्वांत शेवटी, जाता जाता लिहिले आहे. एप्रिलपासून चुलतभाऊ कारखाना बघायला तयार आहे, हे ते वाक्य. पत्राचा भार मी त्याच्यावरच ठेवीन. प्रवेश विभागातल्या ज्या अधिकाऱ्यासमोर हे पत्र जाते, त्याला दोनच गोष्टी ठरवायच्या असतात: सांगितलेले कारण खरे आहे का, आणि ही मुलगी पुढच्या सप्टेंबरला खरोखर येईल का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांचे पत्र देते. दुसऱ्याचे उत्तर तुमच्या पत्राशिवाय दुसरीकडे कुठेच नसते, आणि माझ्याकडे तपासायला येणाऱ्या दहांपैकी आठ पत्रांत ते नसतेच. संकट किती मोठे आहे हे पानभर लिहिलेले असते. ते कधी आणि कशाने आटोक्यात येणार, याबद्दल एक अक्षर नसते. अशा पत्राने वाचणाऱ्याला वाईट वाटते, पण पुढच्या वर्षी हीच अडचण राहणार नाही अशी खात्री त्याला वाटत नाही.

याचे मूळ आपल्या शाळेतल्या विनंती अर्जात आहे, असे मला वाटते. 'वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करते की' येथून सुरू होऊन 'आपली आज्ञाधारक' येथे संपणारा तो नमुना आपल्या हाताला इतका बसलेला असतो, की इंग्रजीत लिहितानाही तोच उतरतो. त्या अर्जात देणारा दयाळू आणि मागणारा लीन असावा लागतो. येथे तसे काही नाही. प्रवेश पुढे नेण्याला, म्हणजे त्यांच्या भाषेत 'डिफरल'ला, बहुतेक विद्यापीठांचा लिखित नियम असतो. तुम्ही त्या नियमात बसता, एवढेच दाखवायचे आहे. म्हणून मी विद्यार्थ्यांकडून पत्र आधी साध्या मराठीत लिहून घेतो आणि मगच ते इंग्रजीत करायला सांगतो. थेट इंग्रजीत लिहिले की इंटरनेटवरून उचललेली 'अनपेक्षित परिस्थितीमुळे' छापाची वाक्ये येतात आणि नेमके काय घडले ते त्यांतून निसटते.

पत्राला हात घालण्यापूर्वी एक काम उरकून घ्या. तुमची ऑफर अजून सशर्त आहे. शर्त पूर्ण न झालेली ऑफर पुढे न्यायला पुष्कळ विद्यापीठे तयार नसतात, कारण त्यांच्या नोंदीत तुमचा प्रवेश अजून झालेलाच नसतो. अंतिम सत्राचा निकाल लागला असेल, तर गुणपत्रक आधी पोर्टलवर चढवा, ऑफर विनाशर्त झाल्याची ईमेल येऊ द्या आणि मग पत्र पाठवा. निकाल रखडला असेल आणि डिफरलची मुदत जवळ आली असेल, तर मात्र थांबू नका. निकाल कधी अपेक्षित आहे हे पत्रात एका वाक्यात लिहा. पोर्टलवर 'डिफर'चा वेगळा अर्ज आहे का, तेही याच वेळी पाहा. असला, तर तो भरावाच लागतो आणि पत्र त्याला जोडायचे असते. नुसती ईमेल पाठवून वाट बघत बसलेली आणि त्यात महिना गमावलेली मुले मी पाहिली आहेत.

सीएएस आलेला नाही, ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे. हा विद्यापीठाने तुमच्या नावे दिलेला संदर्भ क्रमांक असतो. त्यावर व्हिसाचा अर्ज होतो, तो एकदाच वापरता येतो आणि दिल्यापासून सहा महिन्यांत वापरावा लागतो. म्हणजे यंदाचा सीएएस पुढच्या वर्षी उपयोगाचा नसतो. आला असता तर विद्यापीठाला तो रद्द करून पुढच्या वर्षी नवा द्यावा लागला असता. व्हिसाचा अर्जही तोपर्यंत करू नका. त्याबरोबर भरावा लागणारा आरोग्य अधिभार विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड पडतो, आणि व्हिसा मंजूर होऊनही तुम्ही गेला नाहीत, तर तो परत मिळत नाही. क्षयरोगाच्या तपासणीचे प्रमाणपत्रही सहा महिनेच चालते, तेव्हा तीही आत्ता करून घेऊ नका.

आता पत्र. तुमच्या माहितीवरून मी असे लिहीन. उजवा हातपाय, डिसेंबरची तपासणी असे जे तपशील तुम्ही दिलेले नाहीत ते मी नमुन्यादाखल धरले आहेत, ते तुमच्याप्रमाणे बदला:

विषय: एम.एस्सी. डेटा सायन्सचा प्रवेश या सप्टेंबरऐवजी पुढील वर्षीच्या सप्टेंबरपासून मिळण्याबाबत. अर्ज क्रमांक: (तुमचा क्रमांक)

महोदय/महोदया,

आपल्या विद्यापीठाने मला येत्या सप्टेंबरपासून एम.एस्सी. डेटा सायन्ससाठी दिलेली ऑफर मी स्वीकारली आहे आणि अनामत रक्कम भरली आहे. हा प्रवेश एक वर्षाने पुढे नेऊन पुढील वर्षीच्या सप्टेंबरपासून मिळावा, अशी माझी विनंती आहे. मला प्रवेश सोडायचा नाही.

या वर्षी जूनमध्ये माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांच्या उजव्या हातापायात सध्या शक्ती नाही आणि रोजच्या कामांत त्यांना मदत लागते. ते सोलापुरात टॉवेल विणण्याचा एक छोटा कारखाना चालवतात. कुटुंबाचे उत्पन्न त्यावरच आहे. घरात आई आणि शाळेच्या अंतिम वर्षात असलेली धाकटी बहीण आहे. आई वडिलांची शुश्रूषा करते. कामगारांचे पगार, सुताची खरेदी आणि घेतलेल्या मागण्या पूर्ण करणे हे सध्या घरात मीच करू शकते.

ही व्यवस्था एका वर्षापुरती आहे. वडिलांची पुढील सविस्तर तपासणी डिसेंबरमध्ये आहे. बहिणीची परीक्षा मार्चमध्ये संपते. एप्रिलपासून माझे चुलतभाऊ कारखान्याचा कारभार हाती घेणार आहेत. तसे त्यांचे संमतिपत्र सोबत जोडले आहे. त्यामुळे पुढील सप्टेंबरमध्ये मी अभ्यासक्रमाला हजर राहू शकेन. या वर्षात मी दुसऱ्या कोणत्याही विद्यापीठात प्रवेश घेणार नाही.

सोबत डॉक्टरांचे पत्र, कारखान्याचे नोंदणी प्रमाणपत्र आणि माझ्या पासपोर्टची प्रत जोडली आहे. आमच्याकडील प्रथेप्रमाणे माझ्या नावातील मधले नाव हे वडिलांचे नाव आहे.

विनंती मान्य झाल्यास कृपया तीन बाबी कळवाव्यात: भरलेली अनामत रक्कम पुढील वर्षासाठी धरली जाईल का, ऑफरसोबतची शुल्कसवलत कायम राहील का, आणि पुढील वर्षी प्रवेश निश्चित करण्याची अंतिम तारीख कोणती असेल.

आपली विश्वासू,
(पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख, अर्ज क्रमांक)

पत्र इंग्रजीत एका पानात बसते आणि बसलेच पाहिजे. शुल्कसवलत मिळालेली नसेल, तर तो प्रश्न काढून टाका.

'मला प्रवेश सोडायचा नाही' हे वाक्य कुणाला अनावश्यक वाटेल. ते मी एका जुन्या चुकीनंतर लिहायला लावू लागलो, आणि ती चूक माझीही होती. अनेक वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने आपण बोलतो तसे लिहिले होते: 'यंदाचा प्रवेश कॅन्सल करून पुढच्या वर्षी द्यावा.' मी ते वाचले आणि पुढे जाऊ दिले. वाक्याचा पहिला अर्धा भाग वाचूनच तिकडच्या कार्यालयाने त्याचा प्रवेश रद्द केला आणि काही रक्कम कापून अनामत परत करण्याची प्रक्रिया सुरू केली. आम्ही खुलासा पाठवला तोपर्यंत जागा गेली होती. त्याला पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करावा लागला. आपल्याकडे एस.टी.च्या तिकिटापासून लग्नाच्या हॉलपर्यंत तारीख बदलायला आपण 'कॅन्सल' म्हणतो. प्रवेशाच्या बाबतीत 'कॅन्सल' आणि 'विथड्रॉ' म्हणजे सोडणे, आणि 'डिफर' म्हणजे पुढे नेणे. पत्र इंग्रजीत करताना विषयात आणि पहिल्या परिच्छेदात 'डिफर' हाच शब्द आला पाहिजे, आणि पहिले दोन शब्द पत्रात कुठेही असू नयेत.

मधल्या नावाचे वाक्यही असेच अनुभवाचे आहे. डॉक्टरांच्या पत्रातला रुग्ण तुमचा कोण, हे आपल्याला नावावरून लगेच कळते. परदेशातल्या कारकुनाला ते फक्त एक वेगळे नाव दिसते. तुमच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचे नाव छापलेले असेल, तर त्या पानाची प्रत पुरते; नसेल, तर जन्मदाखल्याची इंग्रजी प्रत जोडा. डॉक्टरांच्या पत्रातले नाव आणि हे नाव अक्षरश: जुळते का, तेही बघा. रुग्णालयाच्या कागदावर 'अण्णा' किंवा 'मालक' लावून नाव लिहिलेले असणे हे आपल्याकडे नवे नाही.

जानेवारीच्या सत्राचा मोह टाळा. काही अभ्यासक्रमांना जानेवारीचाही प्रवेश असतो आणि विद्यापीठ स्वत:हून तो सुचवते, कारण त्यांना विद्यार्थी लवकर हवा असतो. पण तुमच्या बाबतीत डिसेंबरच्या तपासणीचा निकाल नुकताच हाती आलेला असेल, बहिणीची परीक्षा तोंडावर असेल आणि चुलतभाऊ यायला तीन महिने उरलेले असतील. त्या वेळी पुन्हा मुदत मागावी लागली, तर ती मिळणे कठीण असते. बहुतेक ठिकाणी डिफरल एकदाच देतात. त्यामुळे आजच पूर्ण एक वर्ष मागावे.

चुलतभावाचे संमतिपत्र ही माझी खास सूचना आहे, कोणतेही विद्यापीठ ते मागत नाही. चार ओळींचे असावे: मी अमुक, अर्जदाराचा चुलतभाऊ, एप्रिलपासून कारखान्याचा दैनंदिन कारभार सांभाळण्यास तयार आहे; खाली सही आणि तारीख. नोटरी करण्याची गरज नाही. त्याचा खरा उपयोग घरात होतो. तोंडी 'बघू की' म्हणणारा माणूस सही करताना विचार करतो, आणि त्याची तयारी नसेल तर ते तुम्हाला पुढच्या ऑगस्टमध्ये कळण्यापेक्षा आज कळलेले बरे. त्याने सही केली नाही, तर ते वाक्य पत्रात घालू नका. माग भाड्याने देणे किंवा पगारी व्यवस्थापक नेमणे यांपैकी जे तुम्ही खरोखर करणार असाल ते लिहा. पुढच्या वर्षी व्हिसाच्या मुलाखतीत मधल्या वर्षाबद्दल विचारले जाऊ शकते, आणि त्या वेळचे उत्तर या पत्राशी जुळले पाहिजे.

डॉक्टरांच्या पत्राबाबत थोडे सविस्तर सांगतो, कारण गाडे बहुधा येथे अडते. आपल्या ओपीडीत दुपारी चाळीस रुग्ण रांगेत असताना तुम्ही 'एक सर्टिफिकेट पाहिजे' म्हणालात, तर डॉक्टर पॅडवर एक ओळ लिहून देतात: 'रुग्ण माझ्या उपचाराखाली असून त्यास विश्रांतीचा सल्ला दिला आहे.' ही ओळ कामगाराच्या रजेसाठी ठीक आहे. यावरून वडिलांना कोणाची मदत लागते का, किती काळ लागेल, यांतले काहीच कळत नाही. म्हणून गर्दी ओसरल्यावर जा आणि सोबत एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या: रुग्णालयात दाखल केल्याची आणि घरी सोडल्याची तारीख, आजाराचे नाव आणि आजची अवस्था, रोजच्या कामांत दुसऱ्याची मदत लागते हे विधान, आणि पुढील तपासणी कधी. हे लेटरहेडवर, इंग्रजीत, टंकलिखित, सही-शिक्क्यासह आणि वैद्यकीय परिषदेच्या नोंदणी क्रमांकासह मागा.

'एका वर्षात बरे होतील' असे डॉक्टरांकडून लिहून घेण्याचा आग्रह धरू नका. अर्धांगवायूनंतरची सुधारणा बहुतांशी पहिल्या काही महिन्यांत दिसते. त्यानंतर ती मंदावते, आणि किती होईल हे कोणताही प्रामाणिक डॉक्टर आज लिहून देणार नाही. तुमच्या पत्राला त्याची गरजही नाही. तुमची जबाबदारी वडील पूर्ण बरे झाल्यावर संपणार, असे आपण कुठे लिहिलेलेच नाही. दुसरी माणसे कामाला लागल्यावर ती हलकी होणार, असे लिहिले आहे. याच कारणाने एमआरआयच्या प्रती आणि औषधांच्या चिठ्ठ्या पाठवू नयेत. शेवटी ही वडिलांची खासगी माहिती आहे. ती बाहेर पाठवण्यापूर्वी त्यांना विचारा. त्यांना बोलणे जड जात असले, तरी बहुधा समजत असते.

कारखान्यासाठी 'उद्यम' नोंदणीचे प्रमाणपत्र पुरेसे आहे. उलाढालीचे कागद, जीएसटीची विवरणपत्रे यांतले काही जोडू नका. कागद जास्त जोडले म्हणून विनंती वजनदार होत नाही, फक्त वाचणाऱ्याला उशीर होतो.

पत्र ज्या ईमेलवरून अर्ज केला त्याच ईमेलवरून पाठवा. एजंटमार्फत अर्ज केला असेल, तर त्यांना प्रत द्या, पण पाठवणे त्यांच्यावर सोडू नका. 'आपली विनंती नोंदवली आहे' असे उत्तर आले, तर डिफरल झाले असे समजू नका. सुधारित ऑफर पत्र हाती आले म्हणजे काम झाले. त्यात सुरुवातीचा महिना आणि वर्ष, शुल्काचा आकडा, जमा अनामत आणि स्वीकारण्याची अंतिम तारीख या चार जागा तपासा. शुल्क पुढच्या वर्षीच्या दराने लागेल, हे गृहीत धरा. ही नवी ऑफर पोर्टलवर पुन्हा स्वीकारावी लागते का, तेही पाहा. ती न स्वीकारल्याने प्रवेश गेल्याची उदाहरणे आहेत.

आयईएलटीएस दिली असेल, तर तिचे गुण दोन वर्षेच धरले जातात. गेल्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये दिली असेल, तर पुढच्या सप्टेंबरला ती चालते. गेल्या वर्षीच्या जुलैत दिली असेल, तर पुढच्या जुलैतच तिची मुदत संपते. तसे असल्यास परीक्षा पुन्हा द्यावी लागेल का, हा चौथा प्रश्न पत्रातल्या तीन प्रश्नांना जोडा.

शिक्षणकर्ज मंजूर झाले असेल, तर सुधारित ऑफर घेऊन बँकेत स्वत: जा. व्हिसाच्या अर्जासोबत जोडायचे कर्जाचे पत्र सहा महिन्यांपेक्षा जुने चालत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी ते नव्याने लागणारच. त्याहून घाईची गोष्ट हप्त्यांची आहे. अनामत रक्कम बँकेने परस्पर पाठवली असेल, तर तेवढ्या रकमेवर व्याज आजच सुरू झाले आहे, आणि हप्ते कधीपासून सुरू व्हायचे हे बँकेच्या संगणकात अभ्यासक्रमाच्या जुन्या तारखांवरून ठरलेले आहे. त्या तारखा बदलून घेतल्या नाहीत, तर तुम्ही तिकडे शिकत असतानाच इकडे पहिला हप्ता लागू शकतो. शाखेत तोंडी सांगून थांबू नका. अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोहोच घ्या.